दहा किलो उतरल्यावर कॅलरी आणि प्रोटीनचा हिशेब पुन्हा कसा मांडायचा

प्रश्न: "वय ४१, उंची १७२ सेंमी. राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत, दिवसभर खुर्चीत. जानेवारीत ९४ किलो होतो. १९०० कॅलरी आणि ११० ग्रॅम प्रोटीनचा चार्ट घेतला, जुलैअखेर ८४ वर आलो. त्यानंतर दीड महिना झाला, काटा हलत नाही. जिममधला ट्रेनर म्हणतो सगळंच दहा टक्क्यांनी कमी करा. बायको म्हणते ज्या चार्टने दहा किलो उतरले तोच चालू ठेवा. बीपीची एक गोळी चालू आहे. नेमकं काय करू?"

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. कॅलरी थोड्या कमी कराव्या लागतील, बहुतेक १८०० च्या आसपास. प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा कमी करू नका. पण हे दोन्ही करण्याआधी दोन आठवडे फक्त मोजमाप करा, कारण तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडून बघितले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. दहा किलो उतरल्यामुळे वजन कमी व्हायचा वेग मंदावतो हे खरं, पण तो पूर्ण थांबत नाही. तुमचा थांबलाय. म्हणजे दुसरंही काहीतरी घडलंय.

मी ठाण्यात आणि आता वाशीत मिळून सतरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दहा किलो उतरल्यावर अडकलेला माणूस माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो.

पहिल्यांदा सूत्राचा हिशेब बघू. आम्ही बहुतेक जण मिफ्लिन-सेंट जिऑर यांचं १९९० चं सूत्र वापरतो. किलोमधल्या वजनाला १० ने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून ते मिळवायचं, वयाची पाचपट वजा करायची, आणि पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर जेवढं खर्च करतं तो हा आकडा. ९४ किलोला तुमचा आकडा येतो १८१५. ८४ किलोला १७१५. बैठं काम आणि थोडं चालणं धरून १.४ ने गुणलं, तर जानेवारीत दिवसाचा खर्च साधारण २५४० होता आणि आता तो २४०० व्हायला हवा. फरक फक्त १४०.

दहा किलो गेले आणि फरक एवढासाच, याचं लोकांना नवल वाटतं. पण पडून असताना शरीर जे जाळतं त्यातला मोठा वाटा मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं यांचा असतो, आणि वजन उतरलं म्हणून त्यांचं काम फारसं कमी होत नाही. चरबी तर किलोमागे दिवसाला चार-पाच कॅलरीच खाते.

प्रत्यक्षात खर्च सूत्रापेक्षा जास्त उतरतो. जिना चढताना दहा किलो कणकेचं पोतं आता पाठीवर नाही, म्हणून तेच चालणं स्वस्त पडतं. गेलेल्या दहा किलोंत थोडा स्नायूही असतो. शिवाय कमी खाणारं शरीर नकळत काटकसर करतं: माणूस कमी उठतो, कमी येरझाऱ्या घालतो, फोनवर बोलताना पूर्वी फिरायचा तो आता बसून बोलतो. हे सगळं धरलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च वीस ते तीस कॅलरींनी घटतो असा ढोबळ अंदाज आहे. तुमच्यासाठी अडीचशे धरू. म्हणजे आताचा खर्च २२९०. त्यातून १९०० गेले, तर रोजची तूट अजून ३९० उरते.

आता उलट्या बाजूने या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. साडेसहा महिन्यांत दहा किलो, म्हणजे दोनशे दिवसांत ७७ हजार, म्हणजे रोज सरासरी ३८५ ची तूट तुम्ही प्रत्यक्षात साधलीत. कागदावर मात्र ती सुरुवातीला ६४० आणि शेवटी ३९० होती, सरासरी पाचशेच्या वर. याचा अर्थ, अगदी चार्ट नीट चालू होता त्या काळातही रोज सव्वाशे-दीडशे कॅलरींचा फरक पडत होता. एक तर तुमचा खर्च सूत्राने सांगितल्याहून कमी आहे, किंवा तुम्ही १९०० समजून २०३० खात होता. बहुधा दोन्हीचं थोडं थोडं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सूत्र ही हजारो लोकांची सरासरी असते, आणि आपल्या घरातली वाटी ही कुठल्याच ॲपमधली वाटी नसते.

तो फरक कापला तरी आज तुमची अडीचशेची तूट शिल्लक राहायला हवी, आणि सहा आठवड्यांत सव्वा किलो तरी उतरायला हवं होतं. ते का उतरलं नाही, याचं उत्तर कुठल्याही कॅलक्युलेटरमध्ये मिळणार नाही.

तुमचा दीड महिना कॅलेंडरवर कुठे पडतो ते बघा. जुलैअखेर ते सप्टेंबरचा मध्य: म्हणजे श्रावण आणि लगेच गणपती. तुम्ही श्रावण पाळता की नाही हे लिहिलेलं नाही, पण माझ्या पेशंटच्या वह्यांमध्ये हा पट्टा मी दरवर्षी बघते. चिकन, मासे, बऱ्याच घरांत अंडीही बंद होतात. त्या जागी काय येतं, तर बटाटा, पनीरची मसालेदार भाजी, आणि सोमवार-शनिवारी साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट आणि तूप सढळ घातलेली एक भरली बशी सहज साडेचारशे-पाचशे कॅलरींची होते, आणि त्यात प्रोटीन आठ-नऊ ग्रॅमच्या पुढे जात नाही. पाऊस असतो, त्यामुळे उपवनला किंवा येऊरच्या रस्त्याला सकाळी जाणारे घरी बसतात. ऐरोली स्टेशनवरून ऑफिसपर्यंत चालत जाणारे शेअर रिक्षा धरतात. मग गणपतीत पाच घरी दर्शन आणि पाच घरचे मोदक. ॲपमध्ये यातलं अर्धंही जात नाही, कारण प्रसाद कोण मोजतो.

म्हणून ट्रेनरचे दहा टक्के लगेच कापू नका. जी गळती १९०० मध्ये आहे, तीच १७१० मध्येही राहील. तुम्ही फक्त उपाशी वाटून घ्याल आणि पंधरा दिवसांनी म्हणाल की माझं मेटाबॉलिझमच बिघडलंय. वहिनींचं म्हणणं मला जास्त पटतं, फक्त एक दुरुस्ती करून: तो चार्ट आज खरोखर चालू आहे का, हे आधी तपासायचं.

तपासायचं कसं? चौदा दिवस नेहमीसारखं खा, काही सुधारू नका, पण सगळं मोजा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि रोज लिहा. एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा, पुढच्या सात दिवसांची काढा, आणि त्या दोनच आकड्यांची तुलना करा. रविवारी पापड-लोणच्यासकट जेवलं की सोमवारी काटा किलोभर वर दिसतो, ते मीठ आणि पाणी असतं. बद्धकोष्ठ असेल तरी तसंच. जिममध्ये नवा व्यायाम सुरू केला असेल तर स्नायू पाणी धरून ठेवतात. याच कारणाने आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबरही मोजा. दीड महिन्यात कंबर दोन सेंटिमीटरने उतरली असेल आणि काटा तिथेच असेल, तर तुमची चरबी उतरते आहे आणि पाण्याने ती झाकली आहे. मग काहीच बदलायचं नाही.

खाणं मोजायला पाच-सातशे रुपयांचा किचनचा वजनकाटा पुरतो. शिजलेलं अन्न मोजण्याच्या भानगडीत पडू नका, कच्चं मोजा. पोळ्यांसाठी सकाळी घेतलेलं कोरडं पीठ मोजायचं आणि पोळ्या किती झाल्या त्याने भागायचं. वरणासाठी कोरडी डाळ मोजायची आणि तुमच्या वाट्याला कितवा हिस्सा आला ते बघायचं. तेलाचं तर अजून सोपं आहे: महिन्याला किती पिशव्या लागतात ते विचारा. चार माणसांच्या घरात चार लिटर लागत असेल तर माणशी रोज ३३ मिली होतं, म्हणजे जवळजवळ २७० कॅलरी. बहुतेक चार्टमध्ये तीन चमचे तेल लिहिलेलं असतं, ते होतं १५ मिली. तळणाचं उरलेलं तेल यातून वजा होतं हे खरं, पण ज्या घरात ते परत फोडणीला वापरतात तिथे तेही पोटातच जातं.

एक उदाहरण देते. गेल्या वर्षी कोपरखैरण्याहून एक गृहस्थ आले होते, वय ४५, उंची १७०, तुमच्यासारखेच ९२ वरून ८२ वर येऊन दोन महिने थांबलेले. ॲपमध्ये रोज प्रामाणिकपणे १८०० लिहीत होते. खोटं बोलत नव्हते, मी ती वही पाहिली आहे. त्यांना म्हटलं, चौदा दिवस कच्चं मोजा. निघाले सरासरी २१२०.

वरचे ३२० कुठून आले? ॲपमध्ये पोळी २८ ग्रॅम पिठाची धरली होती. घरची पोळी निघाली ३८ ग्रॅमची, आणि दिवसाला चार. चाळीस ग्रॅम पीठ जास्त, म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी. तेल दोन चमचे जास्त, म्हणजे ८०-९०. आणि ऑफिसातला संध्याकाळचा दुसरा चहा, साखरेचा, सोबत एक खारी, तो त्यांनी कधी लिहिलाच नव्हता, कारण "तो मी मागवत नाही, टेबलावर येतो." हे वाक्य मी त्यांच्या फाइलवर लिहून ठेवलंय.

मजा म्हणजे जानेवारीत त्यांची पोळी खरोखर २८ ग्रॅमची होती. त्यांच्या पत्नी सुरुवातीला मोजून कणीक घ्यायच्या. वजन उतरायला लागलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि हात पुन्हा सवयीच्या पोळीवर गेला. कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

त्या चौदा दिवसांत त्यांची पहिल्या आठवड्याची सरासरी ८२.१ होती, दुसऱ्याची ८२.०. म्हणजे वजन स्थिर. २१२० खाऊन वजन स्थिर, तर त्यांचा खरा खर्च २१२० च्या आसपासच असला पाहिजे. सूत्र त्यांना २३३० सांगत होतं. दोनशेचा फरक. इथून पुढे मी सूत्र बाजूला ठेवलं आणि त्यांच्या स्वतःच्या वहीतून निघालेला आकडाच धरला. मोजताना होणाऱ्या चुकाही त्या आकड्यात आपोआप सामावतात, कारण पुढेही ते त्याच काट्यावर, त्याच सवयीने मोजणार असतात.

२१२० वरून मी त्यांना १७५० दिले आणि रोज अडीच-तीन हजार पावलं वाढवायला सांगितली. तीन हजार पावलं म्हणजे दोन किलोमीटरच्या थोडी पुढे, त्या वजनाला जेमतेम ८०-१०० कॅलरी. फार नाही, पण शरीराच्या काटकसरीला त्याने थोडा आळा बसतो. पहिल्या आठवड्यात किलोभर उतरलं, ते पाणी होतं आणि मी त्यांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर आठवड्याला तीनशे ते चारशे ग्रॅम.

तुमच्या बाबतीत आकडा तुमच्या चौदा दिवसांवरून ठरेल. समजा सरासरी २१५० निघाली आणि वजन जागेवर आहे, तर १८०० घ्या आणि चालणं वाढवा. तूट साडेचारशेच्या आसपास जाईल. समजा १९०० च निघाले आणि तरीही वजन आणि कंबर दोन्ही जागेवर, तर तुमचा खर्चच खरोखर १९०० आहे. मग मी थेट १५०० वर नेणार नाही. १६५० वर ठेवीन, चालणं वाढवीन आणि वेग कमी असेल हे मान्य करीन. तुमच्या उंचीच्या पुरुषाला १५०० च्या खाली मी माझ्या देखरेखीशिवाय पाठवत नाही, कारण तिथे पुरेसं प्रोटीन, भाज्या आणि थोडं तेल बसवल्यावर ताटात जेवणासारखं काही उरत नाही. आणि समजा सरासरी २३०० निघाली, तर आकडा बदलायची गरजच नाही. जुना १९०० चा चार्ट खराखुरा पाळा, एवढंच.

ही फेरमोजणी कितीदा करायची? दर चार-पाच किलोंनी एकदा, किंवा सरासरी चार आठवडे सलग जागेवर असेल तेव्हा. दर आठवड्याला ॲपमध्ये नवं वजन घालून चाळीस-पन्नास कॅलरींची खरवड करू नका. तेवढा फरक तुमच्या पोळीच्या जाडीतच असतो.

आता प्रोटीन. इथे ट्रेनरची चूक जास्त महागात पडू शकते. कॅलरी वजनाबरोबर उतरतात, मग प्रोटीनही उतरलं पाहिजे, हे ऐकायला सरळ वाटतं. ९४ किलोला ११० ग्रॅम म्हणजे किलोमागे सुमारे १.१७, मग ८४ ला ९८. पण प्रोटीनचं काम वेगळं आहे. तुटीत असलेलं शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. साधारण उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा चरबीव्यतिरिक्त असू शकतो, प्रोटीन कमी आणि वजनाचा व्यायाम नसेल तर त्याहूनही जास्त. अंगावरची चरबी जसजशी कमी होते तसतसा स्नायूंवरचा हा डल्ला वाढतो. म्हणजे ज्या टप्प्यावर प्रोटीनची गरज वाढते, नेमकं त्याच टप्प्यावर तुम्हाला ते कमी करायला सांगितलं जातंय.

जाड माणसाला प्रोटीन आजच्या वजनावर मोजणंही मुळात फारसं बरोबर नाही. चरबीला प्रोटीनची गरज नगण्य असते. मी जिथे पोहोचायचंय त्या वजनावर मोजते. तुमच्यासाठी पुढचं रास्त ठिकाण ७६ किलो धरू. वजन उतरवत असताना किलोमागे १.४ ते १.५ ग्रॅम दिलं, तर येतं १०६ ते ११४. म्हणजे तुमचे ११० जानेवारीतही बरोबर होते आणि आजही आहेत. लक्ष्य हलत नाही, म्हणून आकडाही हलत नाही. (आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हटलंय, आणि कुणीतरी ते तुम्हाला नक्की दाखवील. ते वजन स्थिर असलेल्या माणसासाठी आहे, तुटीत असलेल्यासाठी नाही.)

गणिताचा एक परिणाम मात्र होतो. १९०० मध्ये ११० ग्रॅम प्रोटीनच्या ४४० कॅलरी होत्या. १८०० मध्येही त्या ४४० च राहतात. म्हणजे कापलेले सगळे शंभर पोळी-भात आणि तेलातून गेले पाहिजेत. दिवसाला दीड चमचा तेल आणि अर्ध्या पोळीच्या आत तो हिशेब बसतो.

आणि खरं सांगायचं तर मला शंका ही आहे की तुम्ही ११० खातच नाही आहात. कोपरखैरण्याच्या त्या गृहस्थांची वही ९५ म्हणायची, मोजल्यावर निघाले ६८. वाटीभर वरण त्यांनी नऊ ग्रॅम धरलं होतं. घरचं वरण पातळ, एका वाटीत जेमतेम वीस ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे साडेचार ग्रॅम प्रोटीन. पनीरची भाजी "१०० ग्रॅम पनीर" म्हणून लिहिलेली, पण २०० ग्रॅमच्या पाकिटातून घरातले चार जण जेवायचे आणि त्यांच्या वाट्याला पन्नास यायचं. आणि मूठभर शेंगदाणे प्रोटीन म्हणून. तीस ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रोटीन असतं, पण सोबत १७० कॅलरी येतात. दाणे हे मुळात तेलाचं बी आहे.

११० चा दिवस कसा दिसतो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. सकाळी दोन अख्खी अंडी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, एका पोळीबरोबर: २२. डब्यात ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन पोळ्या आणि २०० ग्रॅम दही: सगळं मिळून २२-२३. संध्याकाळी ऐरोलीहून निघताना व्हेचा एक स्कूप पाण्यातून: २४. रात्री १५० ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन किंवा त्याच वजनाचे काटे काढलेले बांगड्याचे तुकडे, थोडा भात किंवा पोळी: ३२-३४. दिवसभरात एक पेला दूध: ७-८. झाले ११० च्या आसपास. श्रावणात किंवा शाकाहाराच्या वारी चिकनच्या जागी ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स आणि ८० ग्रॅम पनीर घातले की तीसच्या जवळ जातं, फक्त पनीरच्या कॅलरी जास्त असल्याने त्या दिवशी तेलाचा हात आखडता घ्यावा लागतो. उपवासाच्या दिवशी खिचडीऐवजी दही, दूध, पनीर आणि थोडं राजगिऱ्याचं काही. सत्तर-ऐंशी झाले तरी पुरे. आठवड्यातल्या एका दिवसाने काही बिघडत नाही, श्रावणातल्या आठ-नऊ दिवसांनी मात्र बिघडतं.

मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगून ठेवते: ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, प्रोटीन बांगड्याच्या साधारण निम्मं. रवा लावून तळलेले चार बोंबील म्हणजे प्रोटीनपेक्षा तेलच जास्त.

हे सगळं परिस्थितीप्रमाणे बदलतं, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहिते. तुम्हाला बीपी आहे, तर प्रोटीन ११० वर नेण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन एकदा तपासून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर माझे वरचे प्रोटीनचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, तिथे नेफ्रॉलॉजिस्ट सांगतील तेच. दुसरं, दहा किलो उतरल्यावर बीपी अनेकदा आपोआप खाली येतं आणि जुनी गोळी तेवढीच चालू असते. अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर घरी आठवडाभर बीपी मोजा, आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. हेच वाचणाऱ्या मधुमेहींसाठी: इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पोळी-भात कमी केला तर साखर एकदम उतरू शकते, तेव्हा खाणं आणि औषध एकाच भेटीत बदलून घ्यायचं. आणि बायकांनी वजनाची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर दर महिन्याला दहा दिवस उगीच अडकल्यासारखं वाटतं.

फार खाली गेलात हे कसं ओळखायचं, हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत डोंबिवलीच्या एक शिक्षिका यायच्या. वजन अडकलं की मी एक पोळी कमी करायचे. पुन्हा अडकलं, पुन्हा एक. कागदावर त्यांना हजार कॅलरींवर आणून ठेवलं. त्या बिचाऱ्या सोमवार ते शुक्रवार तेवढंच खायच्या आणि शनिवार-रविवारी भूक आवरेना म्हणून जे असेल ते. आठवड्याची सरासरी काढली असती तर ती कधी हलतच नव्हती हे मला दिसलं असतं. मी काढलीच नाही, त्यांनाच दोष देत राहिले. तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागले आणि शाळेचे दोन जिने चढताना पाय भरून येऊ लागले, तेव्हा माझे डोळे उघडले. आम्ही त्यांना सहा आठवडे वजन टिकेल एवढ्या खाण्यावर ठेवलं, मग पुन्हा सुरुवात केली.

म्हणून जिममध्ये तुमच्या दोन-तीन व्यायामांची वजनं लिहून ठेवा. शरीराचं वजन उतरतंय आणि डंबेल तेवढेच उचलले जाताहेत, तर प्रोटीन पुरतंय. महिनाभरात उचलण्याचं वजन घसरत असेल, सतत थंडी वाजत असेल, झोप उडाली असेल, तर तूट कमी करा, प्रोटीन नव्हे. आणि सात महिने सलग तुटीत आहात, तर दोन आठवडे वजन टिकेल एवढं खाऊन मग पुढे जायला काहीच हरकत नाही. सध्याचे मोजमापाचे चौदा दिवस तसे फुकटात मिळताहेत.

काटा आला की पहिल्या सकाळी कणकेच्या डब्यातून पीठ काढायच्या आधी वहिनींना सांगा, आज मोजून घ्या आणि पोळ्या किती झाल्या ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. चौदा दिवस झाले की ते आकडे, वजनाच्या दोन सरासऱ्या आणि कंबरेचं माप इथे टाका, मी बघून सांगते.